मदत हवी आहे: फंडिंगची बातमी न्यूज सर्चमध्ये दिसतच नाही, मथळा आणि पहिला परिच्छेद कसा लिहू?

घाईतलाउद्योजक
आमच्या स्टार्टअपला फंडिंग मिळालं. प्रेस रिलीज परवा टाकलं. न्यूज सर्चमध्ये कंपनीचं नाव टाकलं तर आमचं काहीच येत नाही. सहसंस्थापक म्हणतो मथळा चुकलाय. मथळा आणि पहिला परिच्छेद कसा हवा ते कृपया लवकर सांगा, उद्या गुंतवणूकदारांना उत्तर द्यायचं आहे.

शुद्धमती
मथळा काय लिहिलाय तो इथे टाका ना. रिलीज टाकलं म्हणजे कुठे टाकलं? स्वतःच्या साइटवर, वार्ताहरांना ईमेलने, की पैसे देऊन वितरण सेवेकडून? तिन्हींची उत्तरं वेगळी आहेत.

घाईतलाउद्योजक
साइटवर टाकलं आणि एका वितरण सेवेलाही दिलं. मथळा असा:

«आनंदाची बातमी! पहाऱ्याला मिळाले नवे बळ, प्रवासात नव्या पर्वाची सुरुवात»

पहिला परिच्छेद: «आरोग्यक्षेत्रात आमूलाग्र बदल घडवण्याच्या ध्येयाने झपाटलेल्या आमच्या चमूला हे जाहीर करताना अतिशय आनंद होत आहे की, आमच्या या प्रवासात काही नामवंत भागीदार सामील होत आहेत.»

कंपनीचं खरं नाव इथे देत नाही, पण ते असंच रोजच्या वापरातला शब्द आहे. 'पहारा' समजा.

रँकवाला
कीवर्ड नाहीतच! मथळ्यात 'स्टार्टअप फंडिंग', 'सीड फंडिंग', 'गुंतवणूक', 'हेल्थ-टेक' हे सगळं आलं पाहिजे. शिवाय मजकुरात त्याच शब्दांवर तुमच्या साइटच्या पाच-सहा लिंक द्या आणि तीस-चाळीस साइटवर टाका. मी अशीच कामं करतो.

जुनीडेस्क
मी बातम्यांच्या साइटवर अकरा वर्षं डेस्क सांभाळला आहे. रँकवाला, मथळ्यात ओळखीचे शब्द हवेत हे तुमचं बरोबर. लिंकांचं मात्र करू नका. दुसऱ्यांच्या साइटवर वाटलेल्या प्रेस रिलीजमध्ये कीवर्डवर लिंक लावणं हे गूगलच्या स्पॅम धोरणात नावानिशी दिलेलं उदाहरण आहे. लिंक द्यायचीच तर कंपनीच्या नावावर एक द्या, आणि वितरण सेवेला `rel="nofollow"` किंवा `rel="sponsored"` लावायला सांगा. चाळीस साइटवर तोच मजकूर गेला तरी शोधात बहुतेक वेळा त्यातली एखादीच प्रत दिसते.

आता मूळ प्रश्न. तुमचा मथळा वाचून मला वाटलं कुठेतरी पोलिसांचा बंदोबस्त वाढवला आहे. 'पहारा' शोधलं की पोलिसांच्या, सुरक्षारक्षकांच्या, मतपेट्यांच्या बातम्या येतात. त्या गर्दीत तुम्ही नाव 'पहाऱ्याला' असं सामान्यरूप करून टाकलंत, म्हणजे मथळ्यात कंपनीचं नाव त्याच्या मूळ रूपात एकदाही नाही. नाव अवतरणात ठेवा आणि प्रत्यय बाहेर लावा: 'पहारा'ला. शेजारी कंपनी काय करते ते एका शब्दात यायलाच हवं, नाहीतर कोणता पहारा ते वाचणाऱ्यालाही कळणार नाही.

किती पैसे, कोणत्या फेरीत, कुणाकडून आणि कंपनी नेमकं काय बनवते, हे सांगा. मग मथळा लिहू.

घाईतलाउद्योजक
आम्ही लसींच्या खोक्यात ठेवायचं उपकरण बनवतो. वाहतुकीत तापमान मर्यादेबाहेर गेलं की चालकाच्या फोनवर इशारा जातो. ४० लाख डॉलर, सीड राउंड, एका फंडाचं नेतृत्व. आकडा तिसऱ्या परिच्छेदात आहे.

शुद्धमती
«हे जाहीर करताना अतिशय आनंद होत आहे की» हे मराठी वाक्यच नाही. आणि 'फंडिंग' कशाला? 'निधी' लिहा.

रँकवाला
लोक 'फंडिंग' शोधतात, 'निधी' कोण शोधतं?

जुनीडेस्क
'निधी' म्हटलं की वाचक सरकारी निधी किंवा मदतनिधी समजतो, म्हणून मी तो शब्द टाळते. मथळ्यात 'गुंतवणूक' आणि पहिल्या परिच्छेदात एकदा 'फंडिंग' आलं तर दोन्ही बाजू सांभाळल्या जातात. एकाच मथळ्यात दोन्ही कोंबू नका.

शुद्धमती
'भांडवल' तरी लिहा. गुंतवणूक कंपनीने दुसरीकडे केली की कंपनीत झाली, हे 'गुंतवणूक'वरून कळत नाही.

जुनीडेस्क
मुद्दा बरोबर आहे. 'ला' प्रत्ययाने तो सुटतो, पण 'भांडवल'ही चालेल.

आशावादी_२
मीही सहा महिने गुंतवणूकदार शोधतोय. तुम्ही सादरीकरणात किती स्लाइड ठेवल्या होत्या? बाजारपेठेचा आकार आधी दाखवला की संघ?

शुद्धमती
आशावादी, वेगळा धागा काढा, तिथे उत्तर मिळेल.

ताळेबंद
मी स्टार्टअपांचे हिशेब बघतो. ४० लाख पूर्ण समभागाचे आहेत का? आणि सगळे खात्यात आले आहेत का?

घाईतलाउद्योजक
३० लाख समभाग, आले आहेत. १० लाख कर्ज आहे, व्हेंचर डेट. त्यातले निम्मे पुढच्या वर्षी, ठरलेली विक्री झाली तर. पण हे मथळ्यात कोण बघतं?

ताळेबंद
वार्ताहर बघतो. कंपनी नोंदणीच्या कागदांत समभागांचा आकडा येतो आणि व्यवसायाचे वार्ताहर तो तपासतात. तिथे ३० आणि तुमच्या रिलीजमध्ये ४० दिसलं की एकतर बातमी थांबते, नाहीतर 'दावा' हा शब्द लागून येते. मथळ्यात ३० लाख घ्या. कर्ज दुसऱ्या परिच्छेदात, अटीसकट.

घाईतलाउद्योजक
गुंतवणूकदारांना ४० हवं आहे. 'एकूण ४० लाखांपर्यंत' लिहिलं तर?

ताळेबंद
'पर्यंत' हा शब्द फोनच्या पडद्यावर तुटला की उरतं '४० लाख'. निर्णय तुमचा, मी लिहिलं नसतं.

जुनीडेस्क
मीही ३० घेते. मराठीत क्रियापद शेवटी येतं आणि विशेषणं नावाच्या आधी. म्हणून «लसींच्या वाहतुकीत तापमानावर लक्ष ठेवणारे उपकरण बनवणाऱ्या...» असं सुरू केलं की नाव आणि आकडा इतके मागे जातात की फोनवर दिसतच नाहीत. विशेषण एका शब्दात आवळायचं आणि क्रियापद सोडून द्यायचं:

«लस-वाहतूक स्टार्टअप 'पहारा'ला ३० लाख डॉलरचे सीड भांडवल»

कुणाला, किती आणि कोणत्या टप्प्यावर, हे त्यात आलं. गुंतवणूकदार फंडाचं नाव मोठं असेल तर उपमथळ्यात द्या.

पहिला परिच्छेद असा:

«लसींच्या वाहतुकीत तापमानावर लक्ष ठेवणारे उपकरण बनवणाऱ्या 'पहारा' या स्टार्टअपने सीड फेरीत ३० लाख डॉलरचे भांडवल उभारल्याचे आज जाहीर केले. फंडिंगच्या या फेरीचे नेतृत्व (फंडाचे नाव) यांनी केले. बहुतेक लसी २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवाव्या लागतात. ही मर्यादा ओलांडताच उपकरण चालकाच्या फोनवर इशारा पाठवते. या पैशातून कंपनी (नेमके काय, किती, कधीपर्यंत) करणार आहे.»

'आज'च्या जागी तारीख दिलीत तर आणखी बरं, कारण मजकूर दोन दिवसांनी उचलला की 'आज' चुकतं. डेस्कवर घाईत असताना आम्ही पहिली दोन वाक्यं जवळपास तशीच उचलायचो. ती प्रथमपुरुषी असली, 'आम्ही', 'आमचा प्रवास' अशी, तर सगळी फिरवून लिहावी लागायची. तेवढा वेळ नसला की रिलीज बाजूला पडायचं.

रिकाम्या कंसात 'विस्तार' असं लिहून मोकळे होऊ नका. तुमच्या रिलीजमध्ये नवीन माहिती असेल तर ती तिथेच असणार.

शुद्धमती
मथळा छान झाला. पण 'लसींच्या' की 'लशींच्या'?

जुनीडेस्क
दोन्ही रूपं वापरात आहेत. कोणतंही एक धरा आणि रिलीजभर तेच ठेवा. कंपनीच्या नावाचंही तसंच, देवनागरीत एकच लेखन सगळीकडे. शेवटच्या 'कंपनीविषयी' परिच्छेदात रोमन लिपीतलं नाव आणि साइटचा पत्ता द्या.

पानमांडणी
मथळ्यावरच सगळे अडकलेत. तुमच्या साइटवर ते पान उघडल्यावर ब्राउझरच्या टॅबवर काय दिसतं? आणि मजकूर मजकूरच आहे ना, चित्र किंवा पीडीएफ नाही?

घाईतलाउद्योजक
टॅबवर 'मीडिया सेंटर'. मथळा बॅनरच्या चित्रात आहे, डिझायनरने सुंदर केलाय. खाली पीडीएफ जोडली आहे.

पानमांडणी
मग कितीही चांगला मथळा लिहा, शोधयंत्राला तो मथळा म्हणून मिळत नाही. त्याला मिळतं 'मीडिया सेंटर', आणि तुमच्या प्रत्येक रिलीजला तेच असणार. चित्र ठेवा, पण मथळा असा द्या:

```html
<title>लस-वाहतूक स्टार्टअप 'पहारा'ला ३० लाख डॉलरचे सीड भांडवल</title>
<h1>लस-वाहतूक स्टार्टअप 'पहारा'ला ३० लाख डॉलरचे सीड भांडवल</h1>
```

पहिला परिच्छेद त्याच पानावर साध्या मजकुरात टाका आणि मथळ्याखाली प्रकाशनाची तारीख-वेळ दिसू द्या. मग सर्च कन्सोलमध्ये पानाचा पत्ता तपासून पुन्हा अनुक्रमणाची विनंती करा. दोन दिवसांनी साध्या शोधात `site:` लावून पाहा. तिथेही नवा मथळा नसेल तर अडचण पानाची आहे. तिथे आहे आणि बातम्यांत नाही, तर अडचण निराळी.

जुनीडेस्क
त्या निराळ्या अडचणीची कल्पना आत्ताच देते. बातम्यांच्या विभागात मुख्यतः बातम्या देणाऱ्या साइट येतात. कंपनीचं स्वतःचं पान तिथे दिसलेलं मी क्वचितच पाहिलं आहे. तुमचं खरं उद्दिष्ट हे की एखादा वार्ताहर बातमी करेल आणि त्याच्या मथळ्यात तुमचं नाव आणि आकडा टिकेल. म्हणून साइटवर बदल झाला की तेच रिलीज पाच-सहा वार्ताहरांना ईमेलच्या मजकुरातच पाठवा, जोडपत्र म्हणून नको. ईमेलचा विषय म्हणजे हाच मथळा.

घाईतलाउद्योजक
तारीख बदलून आजची टाकू का? म्हणजे ताजी दिसेल.

जुनीडेस्क
नको. नवीन माहिती नसताना तारीख पुढे करणं गूगलच्या सूचनांच्या विरुद्ध आहे आणि वार्ताहरालाही ते लगेच कळतं. मथळा सुधारला तर 'अद्ययावत' म्हणून दुसरी तारीख द्या. बरं, ही बातमी याआधी कुठे दिली होती का? समाजमाध्यमांवर वगैरे?

घाईतलाउद्योजक
सहसंस्थापकाने आठवड्यापूर्वी लिंक्डइनवर टाकली होती. आकड्यासकट. ४० लाख.

ताळेबंद
मग आता ३० लिहिलंत की फरक दिसणार. ईमेलमध्ये वार्ताहराला आधीच सांगा की ४० मध्ये १० लाखांचं कर्ज धरलं होतं. त्याने विचारायच्या आत सांगा.

रँकवाला
की ४० च ठेवून 'समभाग आणि कर्ज मिळून' असं मथळ्यात लिहायचं? खोटं तर नाही ना ते.

ताळेबंद
खोटं नाही, पण त्यातले ५ लाख अजून अटीवर आहेत. 'मिळून' म्हटलं की मिळाले असंच वाचलं जातं.

जुनीडेस्क
रँकवाला म्हणतात तसे मथळे मी छापलेले आहेत, पण रक्कम पूर्ण हातात आल्याचं कळल्यावरच. आठवड्यापूर्वीची पोस्ट ही मोठी अडचण आहे. ज्याने ती पाहिली त्याच्यासाठी ही बातमी शिळी. तेव्हा नसलेलं काही आता देता येईल का? पैसे कशावर खर्च करणार, कुठला ग्राहक नाव द्यायला तयार आहे का?

घाईतलाउद्योजक
एक रुग्णालय साखळी तयार आहे बहुतेक, लेखी परवानगी आलेली नाही. टॅबचं नाव आणि मथळा आत्ता बदलला. अनुक्रमणाची विनंती टाकली. ३० की ४० यावर सहसंस्थापकाशी अजून वाद चालू आहे. ईमेल उद्या सकाळी की परवानगी आल्यावर?

जुनीडेस्क
परवानगी दोन दिवसांत येणार असेल तर थांबा. रुग्णालयाचं नाव पहिल्या परिच्छेदाच्या शेवटच्या वाक्यात बसेल आणि बातमीला नवं काहीतरी मिळेल. नाव परवानगीआधी कुणालाही सांगू नका, फोनवरही नाही.