मदत हवी आहे: यूकेतली लिमिटेड कंपनी, डायरेक्टर्स लोन अकाउंट जुळत नाहीये

रीडिंगकर
नमस्कार मंडळी, जरा लांबलचक आहे, सांभाळून घ्या. मी इथे रीडिंगला आयटी कॉन्ट्रॅक्टर आहे, स्वतःची लिमिटेड कंपनी, डायरेक्टर मीच, शेअरहोल्डर मीच आणि शिपाईपण मीच. व्हॅट रजिस्ट्रेशन नाही. कंपनीचं वर्ष ३१ मार्चला संपतं.

झालं असं की मे ते ऑगस्ट २०२४ बिझनेस कार्ड ब्लॉक होतं, नवीन काही येईना, म्हणून सगळा खर्च माझ्या पर्सनल कार्डावर केला. लॅपटॉप १,२०० पाउंड, मँचेस्टरच्या क्लायंटकडे जायची ट्रेनची तिकिटं ६४०, तिथलं हॉटेल ३१०, सॉफ्टवेअर लायसन्स १५०, एकूण २,३००. पावत्या स्कॅन करून अकाउंटिंग सॉफ्टवेअरमध्ये टाकल्या, डायरेक्टरने भरले असं निवडलं, ते आपोआप डायरेक्टर्स लोन अकाउंटला, म्हणजे डीएलएला जमा झालं. सप्टेंबरमध्ये कंपनीच्या खात्यातून २,३०० स्वतःला ट्रान्स्फर केले. विषय संपला असं वाटलं.

फेब्रुवारीत बघतो तर डीएलएमध्ये अजूनही कंपनी मला २,३०० देणं लागते! मला वाटलं असेल काहीतरी जुनं येणं, त्यात घरचा बॉयलर गेलेला, म्हणून त्यातले २,००० काढले. आता ३१ मार्च २०२५ ला ३०० क्रेडिट दिसतंय आणि अकाउंटंट म्हणतो प्रवासखर्च फार वाटतोय, तुम्हीच बघा. काय बघू?

पुणे_३०
डीपीटी-३ भरलं का? ३० जूनच्या आत भरायचं असतं. आणि डायरेक्टरकडून पैसे घेताना लेखी डिक्लरेशन लागतं की हे पैसे मी दुसऱ्याकडून उसने आणलेले नाहीत. आमच्या प्रायव्हेट लिमिटेडला सीएने यावरून चांगलंच झापलं होतं.

रीडिंगकर
दादा, रीडिंग इंग्लंडमधलं :) ते भारतातल्या कंपन्यांचं झालं.

पुणे_३०
अरे हो की. मी डायरेक्टर आणि लोन एवढंच वाचलं. चालू द्या.

लेस्टरची_खतावणी
सप्टेंबरचा तो ट्रान्स्फर बँक फीडमध्ये आला तेव्हा कुठल्या कॅटेगरीत टाकलात?

रीडिंगकर
ट्रॅव्हलमध्ये. खर्चाचेच पैसे होते ना.

लेस्टरची_खतावणी
सापडला चोर. मी बारा वर्षं छोट्या कंपन्यांची पुस्तकं लिहितेय, दर वर्षी एकतरी असा भेटतोच.

बघा, खर्च एकदाच होतो, तुम्ही कार्ड दिलंत त्या दिवशी. तेव्हाची नोंद बरोबर आहे, एकीकडे लॅपटॉप, प्रवास वगैरे नावे आणि दुसरीकडे तुमचं डीएलए जमा, म्हणजे कंपनीने तुमच्याकडून उधार घेतलं. सप्टेंबरमध्ये नवीन खर्च काहीच झाला नाही, कंपनीने फक्त उधारी फेडली. त्यामुळे ती नोंद डीएलए नावे, बँक जमा अशी हवी होती. तुम्ही ट्रॅव्हल नावे टाकलीत, म्हणून एकच २,३०० दोनदा खर्ची पडले आणि डीएलएमधली उधारी तशीच दिसत राहिली. आणि ती न फिटलेली उधारी बघून तुम्ही आणखी २,००० उचललेत, खरी गंमत तिथे झालीय.

सॉफ्टवेअर बाजूला ठेवा आणि कागदावर मांडा:

```
मी कंपनीसाठी भरले        २,३००
सप्टेंबरमध्ये परत घेतले    -२,३००
फेब्रुवारीत घेतले         -२,०००
खरी शिल्लक            -२,०००
```

म्हणजे ३०० येणं नाही, २,००० देणं आहे. कंपनी तुमची नाही, तुम्ही कंपनीचे देणेकरी. आणि ट्रॅव्हलमध्ये २,३०० फुगलेत तेवढा नफा कमी दिसतोय, १९ टक्क्यांनी ४३७ पाउंड कॉर्पोरेशन टॅक्स कमी भरला गेला असता. रिटर्न गेलेलं नाही ना अजून? मग वेगळा जर्नल नको, तीच बँकेची एंट्री उघडा आणि कॅटेगरी बदलून डीएलए करा, तिथल्या तिथे निस्तरेल.

सदा_घाईत
१०,००० च्या खाली आहे तर टेन्शन नाही, टॅक्स लागत नाही. मी स्वतः दर वर्षी सात-आठ हजार काढून ठेवतो.

लेस्टरची_खतावणी
@सदा_घाईत अर्धं बरोबर. १०,००० ची मर्यादा बिनव्याजी कर्ज हा बेनिफिट धरायचा की नाही, त्यासाठी आहे, बेनिफिट कळवायचा पी११डी फॉर्म वगैरे. कलम ४५५ चा टॅक्स वेगळा, तो कंपनीवर बसतो आणि छोटी रक्कम म्हणून सुटत नाही. वर्ष संपल्यापासून नऊ महिन्यांत परत केलं नाही तर त्या वर्षीच्या कर्जावर, २०२४-२५ साठी ३३.७५ टक्के. यांच्या बाबतीत ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत पैसे परत आले नाहीत तर २,००० वर ६७५ पाउंड. नंतर कर्ज फेडलं की ते परत मिळतात, पण लगेच नाही, ज्या वर्षात फेडलं ते वर्ष संपून पुन्हा नऊ महिने गेल्यावर. तुम्ही आठ हजार काढून वेळेत परत करत असाल तर ठीक. नसाल तर तुमच्या कंपनीचं टॅक्स रिटर्न, सीटी६००, एकदा उघडून बघा.

सदा_घाईत
डिसेंबरात भरतो आणि जानेवारीत परत काढतो :)

लेस्टरची_खतावणी
तीस दिवसांच्या आत ५,००० किंवा जास्त परत उचललं तर ते भरलेलं भरलं धरत नाहीत. आता तुम्ही अकाउंटंटशी बोलाच.

रीडिंगकर
बाप रे. आज कॅटेगरी बदलली, डीएलए लगेच २,००० डेबिट झालं, तुमच्या कागदासारखंच. आत्ता ऑक्टोबर आहे म्हणजे वेळ आहे. एक विचारू, त्याच वर्षी स्वतःच्या गाडीने स्विंडनच्या क्लायंटकडे मीटिंगला गेलो होतो, एकूण ४२० मैल, ते कधी क्लेमच केलं नाही. आणि बाकीचं डिव्हिडंडने मिटवता येईल का, मार्चची तारीख टाकून?

लेस्टरची_खतावणी
मैलांचे ४५ पेन्सने १८९ होतात. डायरीत तारखा, कुठून कुठे आणि कशासाठी हे असेल तर घ्या, डीएलए जमा करा, मग उरले १,८११. पेट्रोलची पावती वेगळी टाकू नका, त्या ४५ पेन्समध्येच ते आलं. फक्त ते रोजचं ऑफिस नको, मीटिंगपुरतं गेलात तर चालतं.

डिव्हिडंड चालेल, पण तेवढा नफा शिल्लक हवा आणि तारीख खरी ठरवाल त्याच दिवसाची. मार्चची मागची तारीख टाकायची नाही, तो कागद तुम्ही ऑक्टोबरात बनवताय. तसंही डिसेंबरच्या आत झालं की काम होतंय. तुमच्या पर्सनल रिटर्नमध्ये तो या वर्षीचा डिव्हिडंड म्हणून येईल, त्यापेक्षा हातात असतील तर सरळ पैसे ट्रान्स्फर करा, स्वस्त पडेल.

मिल्टनकेन्सचा_मिलिंद
@खतावणीताई, मैलांचे १८९ आत्ता लिहिताय तर ते ३१ मार्चलाच जमा धरायचे की आज? माझ्या अकाउंटंटच्या मते पुस्तकात नोंद केली तो दिवस धरतात.

लेस्टरची_खतावणी
खर्च मार्चच्याच वर्षात येतो, हिशेब अजून बंद नाहीत. कर्ज फिटलं कधी यासाठी मीपण नोंदीचाच दिवस धरते. काही लोक मार्चच धरतात. यांना फरक पडत नाही, दोन्ही डिसेंबरच्या आधीच.

रीडिंगकर
१,८११ रविवारी ट्रान्स्फर करतो. आणि हो, घरचा ब्रॉडबँड माझ्या नावावर आहे, तोही डीएलएला टाकू का? महिन्याला ३४.

मिल्टनकेन्सचा_मिलिंद
मी निम्मा टाकतो, आजवर कोणी विचारलं नाही.

लेस्टरची_खतावणी
कोणी विचारलं नाही म्हणजे बरोबर असं नाही हो. नावावर तुमचं कॉन्ट्रॅक्ट आणि घरचेही वापरतात, तर मी टाकत नाही. त्याऐवजी घरून काम करता म्हणून आठवड्याला ६ पाउंड घ्या, त्याला पावतीपण लागत नाही.

मिल्टनकेन्सचा_मिलिंद
मला दुसऱ्या ब्रॉडबँडची लाइन कंपनीच्या नावावर घे म्हणाले होते. दोन राउटर एका घरात, बायको ओरडली, राहिलं तसंच.