मदत हवी आहे : सुताच्या तक्त्यातला आलेख कितपत खरा?

नमस्कार मंडळी. सोलापुरात अक्कलकोट रोडला आमचे टॉवेलचे यंत्रमाग आहेत. परवा सुताचा एक एजंट छापील पत्रक देऊन गेला. त्यात दोन उभे स्तंभ आहेत : जुन्या सुतावर एका पाळीत ९२ टॉवेल, नव्या सुतावर ९६. पण दुसरा स्तंभ पहिल्याच्या तिप्पट उंच! भाऊ तर लगेच ऑर्डर द्यायला निघाला होता.

मी डावीकडचे आकडे नीट पाहिले, तर उभा अक्ष शून्याऐवजी ९० पासून सुरू केलेला. म्हणजे स्तंभांची उंची उरली २ आणि ६. मग मुलीच्या आलेख-वहीत एका टॉवेलला एक मिलिमीटर धरून शून्यापासून काढलं. ९२ आणि ९६ मिलिमीटर. जेमतेम चार मिलिमीटरचा फरक, साधारण सव्वाचार टक्के. शिवाय किती पाळ्यांची सरासरी, तेही लिहिलेलं नाही. एवढा फरक तर आमच्याकडे रोजच होतो.

मागच्या पानावर खर्चाचा वर्तुळालेख आहे, अकरा फोडींचा आणि तिरका. मजुरी मोठी की वीज, डोळ्यांना कळतच नाही.

आता अडलंय ते इथे : सुताच्या भावाचा रेषालेखही २३० रुपयांपासून सुरू होतो. मुलगी म्हणते, स्तंभात आपण उंची मोजतो म्हणून शून्य हवंच, रेषेत चढउतार बघतो म्हणून चालतं. हे बरोबर आहे का? आणि रेषेचा चढ मुद्दाम ताणलाय का, हे कसं ओळखायचं? जाणकारांनी कृपया सांगावं, सोमवारी एजंट परत येतोय.