‘आँ’ आणि ‘-ताना’: कर्ता कोण?

‘फ्रेंचमध्ये “आँ” लावून वर्तमानकालीन धातुसाधित वापरले की मराठीतल्या “-ताना”चे काम होते ना?’

बहुतेक वेळा होते, पण कर्त्यापाशी हे साम्य तुटते. ‘मी पोलला स्टेशनातून बाहेर पडताना पाहिले’ या वाक्यात बाहेर पडणारा मी की पोल, हे संदर्भावरूनच ठरते. फ्रेंचमध्ये मात्र ‘जे व्ह्यू पोल आँ सॉर्ताँ द ला गार’ म्हटले की बाहेर पडणारा ‘मी’च, कारण या रूपाचा कर्ता मुख्य क्रियापदाचाच कर्ता असावा लागतो. पोल बाहेर पडत असेल, तर ‘जे व्ह्यू पोल की सॉर्ते द ला गार’ असे संबंधी वाक्य करावे. ‘लापेती व्हियँ आँ माँजाँ’ (खाता खाता भूक लागते) ही म्हण हा नियम सरळ मोडते, पण ती सवलत रूढ प्रयोगांपुरतीच आहे.