किमान शिल्लक दंडाची सूचना : सोपी करायची, पण किती?

शब्दवेडी : एका बँकेची सूचना सोपी करायची आहे. मूळ वाक्य असं : ‘विहित मासिक सरासरी शिल्लक (10,000) न राखल्यास तफावतीवर 6 टक्के अथवा 500 शुल्क, पात्र खाती वगळून, आकारण्यात येईल.’ मी लिहिलं : ‘खात्यात 10,000 पेक्षा कमी असल्यास 500 पर्यंत दंड.’ चालेल?

जुना कॅशियर : वाचायला छान, पण नियमच बदलला. तुमचं वाक्य वाचून माणूस समजेल की एक दिवस जरी शिल्लक खाली गेली तरी दंड. इथे महिन्यातल्या प्रत्येक दिवसअखेरची शिल्लक मिळवायची आणि दिवसांनी भागायची. समजा 20 दिवस 2,000 होते आणि पुढचे 10 दिवस 20,000. बेरीज 2,40,000, सरासरी 8,000. कमी पडले 2,000, त्यावर 6 टक्के म्हणजे 120. हे उदाहरण सूचनेतच टाका. आणि ‘अथवा’ काढून ‘यांपैकी जे कमी असेल ते’ लिहा, नाहीतर 120 की 500 हा वाद काउंटरवर येणारच.

हिशेबी : म्हणजे शेवटच्या आठवड्यात मोठी रक्कम भरली की काम झालं!

जुना कॅशियर : सरासरी भरून निघेल इतकी असेल तरच. आणि सकाळी भरून संध्याकाळी काढली, तर ती रक्कम त्या दिवसाच्या शिल्लकेत धरली जाणार नाही.

कलमबहाद्दर : उदाहरणाला माझा विरोध. ग्राहक ‘तुम्हीच 120 लिहिलंय’ म्हणून भांडतो, आणि वर कर लागतो तो वेगळाच. सूचना म्हणजे शिकवणी नव्हे.

शब्दवेडी : मग ‘कर वेगळा’ हे दोन शब्द उदाहरणालाच जोडते. उदाहरण नको, हे नाही पटत.

पगारदार : माझं पगार खातं, दंड नाही म्हणाले होते. नोकरी सोडली आणि काही महिन्यांनी पैसे कापले. ही फसवणूकच ना?

जुना कॅशियर : प्रश्न वेगळा आहे, पण मुद्दा इथलाच. ‘पात्र खाती वगळून’ मधून तुम्हाला काय कळणार होतं? सवलत कोणाला, हे जितकं ठळक, तितकंच ती कधी संपते हेही हवं : ‘पगार खात्याला दंड नाही. सलग तीन महिने पगार जमा झाला नाही तर ते साधं बचत खातं होतं.’ तीन की आणखी किती, ते त्या बँकेला विचारून घ्या. मुदत ठेवीवर सवलत असेल तर ठेव त्याच खात्याशी जोडलेली हवी का, हेही विचारा. आणि दोन अटी असतील तर दोन्ही हव्यात की एक पुरे, हे स्पष्ट लिहा.

कलमबहाद्दर : एवढं सगळं आलं की सूचना पानभर होईल. सवलती तळाला छापा.

शब्दवेडी : उलट मी त्या दंडाच्या रकमेच्याही आधी घेतेय. ज्याला दंड लागणारच नाही, त्याने टक्केवारी कशाला वाचायची?

कलमबहाद्दर : बँक मान्य करणार नाही. लिहून ठेवा.