प्रतिसाद: वाइनचं तापमान दुधाला का चाललं नाही

> पाश्चरने वाइनसाठी काढलेलं तापमानच पुढे दुधाला लावलं ना?

पद्धत तीच, तापमान नाही. 1860च्या दशकात फ्रान्समधल्या आर्ब्वा गावी आंबट झालेली वाइन सूक्ष्मदर्शकाखाली पाहताना पाश्चरला नको ते जंतू दिसले. बूच मारलेली बाटली 50 ते 60 अंशांवर थोडा वेळ ठेवली की ते मरत आणि चवही फारशी बिघडत नसे. एवढ्यावर भागायचं, कारण वाइनमधलं आम्ल आणि अल्कोहोल निम्मं काम आधीच करून ठेवतात. दुधात ही मदत नाही. शिवाय तिथे प्रश्न नुसत्या नासण्याचा नव्हता, गायीच्या क्षयाचे जंतू दुधातून मुलांपर्यंत पोहोचत होते. म्हणून दूध किती तापवायचं हे क्षयाच्या जंतूवरून ठरलं. पुढे गुरांकडून माणसाला होणाऱ्या क्यू-तापाचा जंतू त्याहून चिवट निघाला, तेव्हा अमेरिकेने 1956मध्ये दूध टाकीत अर्धा तास तापवत ठेवण्याच्या पद्धतीचं तापमान 61.7वरून 62.8 अंशांवर नेलं.

इथे एक अंशही महागात पडतो. टाकीत दूध तापवताना वरचा फेस थंड राहतो आणि त्यातले जंतू वाचतात. त्यामुळे दुधावरची हवासुद्धा वेगळी तापवावी लागते, दुधापेक्षा जवळजवळ तीन अंश जास्त. दूध नीट तापलं का हे फॉस्फटेज चाचणीत कळतं: फॉस्फटेज हे कच्च्या दुधातलं विकर क्षयाच्या जंतूपेक्षा किंचित उशिरा नष्ट होतं, म्हणून ते सापडलं तर दूध कमी तापलंय किंवा त्यात कच्चं दूध मिसळलंय. फक्त चाचणी लगेच करावी, कारण जास्त फॅटच्या क्रीममध्ये हे विकर साठवणीत कधीकधी पुन्हा जागं होतं.