इम्पल्स सिस्टिम: लाल बार असताना खरेदी रोखायची आहे, स्क्रिप्ट बरोबर आहे का?

मुलुंडची_मीनल

नमस्कार मंडळी. नोकरी फोर्टमध्ये, त्यामुळे ट्रेडिंग फक्त कॅशमध्ये, डिलिव्हरी घेऊन दोन-तीन आठवडे धरायचं. मला एक वाईट खोड आहे. शेअर पडायला लागला की "आता अजून किती पडणार" म्हणून हात घालते. गेल्या दोन महिन्यांत एका बँकेचा शेअर खाली येताना तीनदा घेतला आणि तिन्ही वेळा स्टॉपलॉस उडाला.

म्हणून चार्टवर इम्पल्स लावली. मला समजलं ते असं: १३ दिवसांचा ईएमए खाली झुकलेला आणि मॅकडीचा हिस्टोग्रामही खाली, तर बार लाल. लाल असताना घ्यायचं नाही. दोन्ही वर तर हिरवा, बाकी सगळे निळे. स्क्रिप्टमधल्या मुख्य ओळी:

```
up = e > e[1] and h > 0
dn = e < e[1] and h < 0
```

दोन अडचणी आहेत. लाल इतका लांबतो की निळा येईपर्यंत अर्धी उसळी होऊन गेलेली असते. आणि कधी कधी दुपारी ३ ला ऑफिसात निळा दिसतो, मी घेते, रात्री घरी बघते तर तोच बार लाल! ईएमए १३ ऐवजी ८ करू का? कोणी वापरत असेल तर सांगा.

लालबागचा_भाऊ

ताई, एवढं काय त्यात. हिरवा आला की घ्या, लाल आला की विका. मी ८ चाच ईएमए ठेवलाय, लवकर कळतं. १३ म्हणजे वरात पुढे गेल्यावर बँडवाले येतात तसं.

सव्वानऊचा_गजर

मी बँक निफ्टीचे ऑप्शन ५ मिनिटांच्या चार्टवर करतो. तिथे रंग सारखे बदलतात, साडेअकरापर्यंत डोकं उठतं. त्यावर काही फिल्टर आहे का? दादर-परळच्या मध्ये नेट जातं तेव्हा तर विचारूच नका.

जुना_बदलावाला

गजरराव, तुमचा प्रश्न वेगळा आहे, नवीन धागा काढा. नेट गेल्यावर ऑप्शन उघडे असणं हा रंगाचा प्रश्नच नाही.

मीनलताई, चूक तुमच्या दोन ओळींतच आहे. हिस्टोग्राम शून्याच्या वर आहे की खाली, हे इम्पल्स विचारतच नाही. कालच्यापेक्षा आज वर आला की खाली गेला, एवढंच विचारते. पूर्ण स्क्रिप्ट अशी हवी:

```
//@version=5
indicator("Impulse", overlay=true)
e = ta.ema(close, 13)
[m, s, h] = ta.macd(close, 12, 26, 9)
up = e > e[1] and h > h[1]
dn = e < e[1] and h < h[1]
barcolor(up ? color.green : dn ? color.red : color.blue)
```

तुमच्या स्क्रिप्टचा तोटा दोन्हीकडून होतो. पडझड मंदावली तरी हिस्टोग्राम शून्याखालीच असतो, म्हणून लाल संपत नाही. उलट तेजी दमत आली, हिस्टोग्राम शून्याच्या वर पण उतरता असला, तरी तुम्हाला हिरवाच दिसणार. खऱ्या इम्पल्समध्ये तो बार निळा.

भाऊ, हिरवा म्हणजे घ्या असं ही पद्धत सांगत नाही. डॉ. अलेक्झांडर एल्डरांनी ती बसवली तेव्हाच तिला सेन्सॉरची उपमा दिली होती. सेन्सॉर सिनेमा काढत नाही, कात्री लावतो. लाल असेल तर खरेदीला कात्री, हिरवा असेल तर शॉर्टला कात्री, निळ्यात दोन्ही मोकळं. घ्यायचं कारण तुमचं तुम्ही आणायचं.

लालबागचा_भाऊ

बरोबर आहे पण हिरव्यावर घेऊन पैसे झालेत की राव.

जुना_बदलावाला

होतात, बाजार चढता असला की. आडव्या बाजारात हिरवा येतो तो चढ संपत आल्यावर, तेव्हाचा हिशेब बघा.

मुलुंडची_मीनल

अरे बापरे, शून्याची चूक डोक्यातच आली नाही. स्क्रिप्ट बदलली. आता त्या बँकेच्या शेअरचे कालचे आकडे देते: क्लोज ७७०, ईएमए १२ चा ८०६, १३ चा ८०८, २६ चा ८३०. हिस्टोग्राम उणे ६, परवा उणे ५.७६ होता. नव्या स्क्रिप्टमध्येही कालचा बार लालच आहे. मग फरक काय पडला? आणि ३ वाजताच्या रंगाचं काय?

जुना_बदलावाला

आकडे दिलेत हे बरं केलं, आता दोन्ही प्रश्न एकदमच सुटतात.

ईएमए कधी वळतो? आजचा क्लोज कालच्या ईएमएच्या वर असेल तर ईएमए चढतो, खाली असेल तर उतरतो. दुसरं काही नाही. म्हणजे आज ८०८ च्या वर बंद झाला तरच तो भाग वर वळणार. ७७० वरून एका दिवसात ते होत नाही.

हिस्टोग्रामचंही असंच काढता येतं. सिग्नल ९ चा असेल तर गणित असं पडतं: मॅकडीत आज झालेला बदल कालच्या हिस्टोग्रामच्या पाव भागापेक्षा जास्त असला, तर हिस्टोग्राम वर. तुमचा पाव भाग उणे दीड. म्हणजे मॅकडी आज दीडपेक्षा कमी घसरला तरी हिस्टोग्राम वर वळतो, मॅकडी स्वतः चढायचीही गरज नाही. त्यासाठी क्लोज किती हवा, ते शीटमध्ये काढा. B1 मध्ये १२ चा ईएमए, B2 मध्ये २६ चा, B3 मध्ये हिस्टोग्राम, तिन्ही कालचे:

```
=(B3/4 + B1*2/13 - B2*2/27)*351/28
```

उत्तर येतं साधारण ७६५. आज ७६५ च्या वर बंद झाला तर बार निळा, खाली झाला तर लाल. तुमच्या जुन्या स्क्रिप्टला एका दिवसात हिस्टोग्राम शून्यावर न्यायला ८५९ लागले असते. त्याआधी ८०८ वर ईएमएने सुटका केली असती, पण ७६५ कुठे आणि ८०८ कुठे.

३ वाजताचा रंग म्हणजे चालू भावालाच क्लोज धरून काढलेला रंग. भाव ७६५ च्या आसपास घुटमळत असेल तर तो दर मिनिटाला बदलणारच. त्यावर इलाज म्हणजे आदल्या रात्री हा एक आकडा कागदावर लिहून ठेवायचा आणि बार पूर्ण झाल्याशिवाय रंग मानायचा नाही. आदल्या रात्री ॲपमध्ये दिसलेला शेवटचा सौदा आणि एक्सचेंजचा अधिकृत क्लोज यांतही एखाद-दोन रुपयांचा फरक निघतो, तेवढी जागा सोडा.

८ च्या ईएमएने इथे काहीही बदलत नाही. तो भावाच्या थोडा जवळ असेल, पण अशा घसरणीत तोही ७६५ च्या वरच असणार. लाल सुटतो हिस्टोग्राममुळे. ईएमए बदलून फक्त हिरवा कधी येणार ते बदलतं.

वाशीपलीकडे

मी हायकेन-आशी वापरतो, त्यात रंग आयतेच मिळतात. हीच स्क्रिप्ट त्यावर टाकली तर डबल कन्फर्मेशन होईल ना?

जुना_बदलावाला

नाही होणार. हायकेन-आशीचा क्लोज हा खरा क्लोज नसतो, त्या बारच्या चार भावांची सरासरी असते. स्क्रिप्ट `close` म्हणून तीच उचलते. मग वर काढलेला ७६५ आणि चार्टवरचा रंग यांचा मेळ बसत नाही. साध्या कँडलवर लावा.

मुलुंडची_मीनल

एक शंका. काल ७७० ला बंद आणि निळ्याची हद्द ७६५? म्हणजे आज शेअर ४ रुपये पडून ७६६ ला बंद झाला तरी बार निळा, आणि मला खरेदी मोकळी? हे तर माझ्या खोडीला खतपाणीच झालं.

जुना_बदलावाला

नेमकी जागा पकडलीत. निळा म्हणजे पडझड उलटली असं नाही, तिचा जोर कमी झाला एवढंच. आणि हिस्टोग्राम जितका खोल, तितकी ही हद्द भावाच्या खाली सरकते. लाल जाणं म्हणजे नुसती बंदी उठणं. म्हणून तोच रंग आठवड्याच्या चार्टवरही बघायचा असतो. आठवड्याचा बार लाल असेल तर दिवसाचा निळा असो की हिरवा, खरेदी बंद. फक्त चालू आठवड्याचा बार शुक्रवारी साडेतीनपर्यंत अर्धा कच्चा, त्यामुळे बुधवारी मी मागच्या पूर्ण आठवड्याचा रंग धरतो.

तुमच्या तीन खरेद्यांच्या तारखा काढा आणि त्या दिवशी आठवड्याचा रंग काय होता ते बघा.

मुलुंडची_मीनल

बघितलं. तिन्ही वेळा आठवडा लाल. दिवसाचा रंग, नव्या स्क्रिप्टने, एकदा लाल आणि दोनदा निळा. म्हणजे फक्त दिवसाचा चार्ट ठेवला असता तर तिघांतली एकच चूक अडली असती. 😐

लालबागचा_भाऊ

आठवड्याचा लाल जायची वाट बघत बसलं तर तळ गेलाच की हातातून.

जुना_बदलावाला

तळ कधीच मिळणार नाही, हे खरंय. त्या बदल्यात मधल्या तीन पायऱ्यांवर पाय घसरत नाही.

सव्वानऊचा_गजर

बरं, विकायचं कधी? हिरवा जाऊन निळा आला की लगेच?

जुना_बदलावाला

मी निळा आला की अर्धे विकतो, उरलेले लाल येईपर्यंत.

वाशीपलीकडे

मला हे पटत नाही. चढत्या शेअरमध्ये मधेमधे एक-दोन निळे येतातच, प्रत्येक वेळी अर्धे काढले तर मोठी चाल हातात राहते कुठे? मी निळ्याकडे बघतच नाही. लाल आला की सगळं बाहेर.

जुना_बदलावाला

आणि लाल येईपर्यंत किती परत दिलं, ते मोजलंत कधी? मोजून सांगा, मी माझं मोजतो. मलाही खात्री नाही.

मुलुंडची_मीनल

आजची बातमी. ३:१० ला भाव ७६८, चार्ट निळा. कागदावर ७६५ लिहिलेलं. ऑर्डरचा स्क्रीन उघडून बसले होते, आठवडा लाल म्हणून बंद केला. क्लोज ७६१, बार लाल.

आता उद्यासाठी शीटमध्ये आजचे आकडे टाकले: १२ चा ७९९.०८, २६ चा ८२४.८९, हिस्टोग्राम उणे ६.२५. उत्तर ७५५.५. म्हणजे अजून ५ रुपये पडला तरी उद्या निळा. आठवड्यासाठीही हेच सूत्र चालेल ना, फक्त ईएमए आणि हिस्टोग्राम आठवड्याचे घेऊन?

जुना_बदलावाला

चालेल. मागच्या पूर्ण आठवड्याचे घ्या, चालू आठवड्याचे घेऊ नका. जे उत्तर येईल ते या शुक्रवारच्या क्लोजशी ताडून बघा.