अनुभव धागा: शाळकरी मुलांना प्रश्नावली देताना विषय कुठे बदललात, परवानगी कुठे अडली?

केतकी_दादर

मी दादरच्या एका कॉलेजात मानसशास्त्र शिकवते. जुलै आला की तृतीय वर्षाची मुलं प्रोजेक्टचे विषय घेऊन येतात आणि निम्म्यांना शाळेतलीच मुलं हवी असतात, कारण एका वर्गात चाळीसजण आयते सापडतात. म्हणून हा धागा. आधी माझा अनुभव.

दोन वर्षांपूर्वी एका विद्यार्थिनीने विषय घेतला, 'नववीतल्या मुलांचा अभ्यासाचा ताण आणि घरचं वातावरण'. मुख्याध्यापिकांची लेखी परवानगी, पालकांची संमतिपत्रं, सगळं रीतसर होतं. नाव नाही, रोल नंबर नाही. ४१ प्रश्नावल्या भरून आल्या. शेवटी एक मोकळा प्रश्न होता, 'आणखी काही सांगायचंय?' बहुतेकांनी रेघ मारली होती. एका कागदावर मात्र अगदी बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'मला घरी जावंसं वाटत नाही. आईला सांगू नका.'

तो कागद हातात घेऊन आम्ही दोघी बराच वेळ गप्प बसलो. तो कुणाचा हे कळायचा रस्ता आम्हीच बंद केला होता, आणि शोधायला जावं तर मुलांना दिलेला शब्द मोडत होता. शेवटी मुख्याध्यापिकांना मजकूर सांगितला, कागद दाखवला नाही, कारण वर्गशिक्षिकेने अक्षर ओळखलं असतं. शाळेच्या समुपदेशक नववीच्या सगळ्या तुकड्यांशी बोलल्या, आपली बसायची वेळ आणि १०९८ हा नंबर फळ्यावर लिहून आल्या. ते मूल कोण, हे आजवर कळलेलं नाही.

ती प्रश्नावली मीच मंजूर केली होती. क्लासचे तास, झोप आणि परीक्षेची धास्ती एवढ्यावर तिचा प्रोजेक्ट उत्तम झाला असता. 'घरचं वातावरण' मी जुलैतच काढायला लावायला हवं होतं.

रोहन_भांडुप

बी.एड.ला असताना आठवीच्या वर्गावर केलं होतं. नाव घेतलं नाही की पालकांना विचारावं लागत नाही, मुख्याध्यापकांनी सही केली की झालं. माझं दोन दिवसांत आटोपलं.

आनंदी_टी

रोहन, नाव घेतलं नाहीत ते बरंच केलंत, पण बाकीचं पटत नाही. मी काही वर्षं एका संस्थेच्या नैतिकता समितीवर होते. मुख्याध्यापकांच्या पत्राने शाळेचं फाटक उघडतं, पालकांच्या वतीने ते संमती देऊ शकत नाहीत. आयसीएमआरची २०१७ची मार्गदर्शक तत्त्वं आरोग्य संशोधनासाठी आहेत, पण आम्ही तीच धरून चालायचो. पालकांची संमती, आणि वर मुलाचा स्वतःचा होकार, सात ते बारा वयात तोंडी आणि त्यापुढे अठरापर्यंत लेखी. पालकांनी सही केली आणि मूल नको म्हणालं, तर नको.

दुसरं, नाव नसलं म्हणजे ओळख लपली असं नाही. एकीच्या प्रश्नावलीत सुरुवातीला मुलगा की मुलगी, मातृभाषा, भावंडं किती आणि वडिलांचा व्यवसाय असे रकाने होते. वर्ग ३८ जणांचा. त्यात घरी कन्नड बोलणारी मुलगी एकच. तिचा कागद वर्गशिक्षकांनी न बघता सांगितला असता. मी तिला प्रत्येक रकान्यापुढे लिहायला लावलं की हा आकडा निष्कर्षात कुठे वापरणार. फक्त मुलगा-मुलगी उरलं.

केतकीताई, तुमच्या कागदाबद्दल. हे विषय ठरवतानाच ठरवावं लागतं. प्रश्नावली खरोखर निनावी ठेवायची, तर असंच विचारायचं की कुठल्याही उत्तरामुळे कुणाला शोधायची पाळी येणार नाही. घराबद्दल विचारायचंच असेल तर कागदावर क्रमांक टाकायचा, क्रमांक-नावाची यादी बंद पाकिटात समुपदेशकांकडे ठेवायची आणि मुलांना लिहायला बसवण्याआधीच सांगायचं की कुणाला धोका दिसला तर आम्ही मदत आणू. 'कुणालाही कळणार नाही' असं वचन देताच येत नाही. लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली तर २०१२च्या पॉक्सो कायद्याने ती पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, मग विद्यार्थी असा वा प्राध्यापक.

निवृत्त_बाई_कुर्ला

मी पालिकेच्या शाळेत मुख्याध्यापिका होते. विद्यार्थी यायचे जानेवारी-फेब्रुवारीत, वार्षिक परीक्षेच्या तोंडावर, आणि म्हणायचे, 'बाई, फक्त वीस मिनिटं.' पालिकेच्या शाळेत ही परवानगी मुख्याध्यापकांच्या एकट्याच्या हातात नसते, शिक्षण विभागाकडे अर्ज जातो आणि त्याला आठवडे लागतात. अर्ज गणपतीच्या आधी गेलेला बरा. दहावीचा वर्ग तर मागूच नये.

मी कॉलेजचं पत्र नंतर वाचायचे, आधी प्रश्न वाचायचे. 'घरी भांडणं होतात का?' दिसलं की तिथेच थांबवायचे.

संमतिपत्रांचं एक सांगते. एकदा गठ्ठा चाळताना ओळीने आठ सह्या एकाच जांभळ्या जेल पेनाच्या निघाल्या. मुलांनी मधल्या सुट्टीत व्हरांड्यात बसून एकमेकांच्या आईवडिलांच्या सह्या ठोकल्या होत्या. तेव्हापासून शनिवारच्या पालकसभेतच पत्र वाचून दाखवायला लावायचे, मराठीत आणि हिंदीत. ज्यांना वाचता येत नाही ते पालक तिथेच प्रश्न विचारतात.

सोसायटीवाली_आई

माझा मुलगा आठवीत आहे. शाळेने सर्वेक्षणाचा प्रकल्प दिलाय, विषय सुचवाल का? सोसायटीत फॉर्म वाटायचेत.

केतकी_दादर

इथे मुलांना प्रश्न विचारण्याबद्दल बोलणं चाललंय, तुमचा मुलगा तर स्वतः विचारणार आहे. ओल्या-सुक्या कचऱ्याबद्दल मोठ्या माणसांना विचारू दे, आणि कुठल्या घराने काय सांगितलं ते लिहू नको म्हणावं.

रोहन_भांडुप

आनंदीताई, वाचलं. माझ्या वर्गातल्या मुलांना नको म्हणायची सोय मी दिलीच नव्हती, हे खरं आहे. पण माझ्या मैत्रिणीने पालकांची संमती मागितली तेव्हा साठातली ३४ पत्रं परत आली. जी आली नाहीत ती बहुतेक त्याच मुलांची, ज्यांचे आईवडील रात्री उशिरा घरी येतात. तिचा विषय होता एकटं राहणारी मुलं! मग निष्कर्ष कुणाबद्दलचा म्हणायचा?

आनंदी_टी

यावर माझ्याकडे पुरं उत्तर नाही. 'हरकत असेल तरच कळवा' असं पत्र काहीजण पाठवतात. मला ते पटत नाही, कारण पत्र दप्तरातच राहिलं तरी तो होकार धरला जातो. ३४ हा आकडा आणि न आलेल्या मुलांबद्दल जे दिसलं ते अहवालात लिहावं, एवढंच मी म्हणेन.

सायली_विलेपार्ले

मी फर्स्ट इयरला असताना कॉलेज म्हणजे सगळे सज्ञान असं धरून गूगल फॉर्म ज्युनियर कॉलेजच्या ग्रुपवर टाकला. ५८ उत्तरं आली, त्यातली बहुतेक सोळा-सतरा वर्षांची. शिवाय ईमेल गोळा करण्याचा पर्याय चालू राहिला होता, म्हणजे निनावी लिहून मी प्रत्येकाचा पत्ता घेतला होता. मॅडमनी सगळं पुसायला लावलं. मग अठरा पूर्ण झालेल्यांनाच दहावीच्या वर्षाबद्दल विचारलं. पालकांची संमती लागली नाही, पण ती आठवण आहे, दहावीतल्या मुलाचं उत्तर नाही. शीर्षकातही तसं लिहावं लागलं.

निवृत्त_बाई_कुर्ला

केतकी, राहवत नाही म्हणून लिहिते. मी वर्गशिक्षिकेला तो कागद दाखवला असता. एक मूल घरी जायला घाबरतंय, तिथे शब्द काय धरून बसायचं?

केतकी_दादर

बाई, हे मी स्वतःला अनेकदा विचारलंय. आईला सांगू नका असं त्याने लिहिलं होतं, आणि वर्गशिक्षिकेने पहिला फोन आईलाच केला असता, अशी मला तेव्हा भीती वाटली. आज तसंच करीन का, सांगता येत नाही.

यंदा एकीने पुन्हा नववीच घेतली आहे, विषय झोप आणि क्लासचे तास. तरीही क्रमांक आणि बंद पाकीट ठेवतोय. त्या शाळेत समुपदेशक मंगळवारी आणि शुक्रवारीच येतात, म्हणून प्रश्नावली मंगळवारी पहिल्या तासाला द्यायची आणि सगळे कागद त्याच दुपारी, शाळा सुटायच्या आत वाचून काढायचे, असं ठरवलंय.